तेराव्याचा कागद

भाऊबीज चार दिवसांवर असताना हा अंक तुमच्या हाती पडतो आहे, आणि त्यातला पहिलाच लेख बहीण-भावाच्या वादाचा आहे. लिहिणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत, गाव त्यांना आक्का म्हणतं. त्यांच्या लेखातल्या एका परिच्छेदावर आक्कांनी आणि मी पाच दुपारी घालवल्या. त्या दुपारी काय झालं ते आक्का, त्यांचे दादा आणि वहिनी या तिघांच्या संमतीनं इथे सांगतो, कारण आठवणी लिहिणाऱ्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न उभा राहतो.

आक्कांचा पहिला खर्डा असा होता : ‘वडिलांच्या तेराव्याला दादानं कागद पुढं केला आणि फसवून माझी सही घेतली. हे सगळं वहिनीच्या सांगण्यावरून झालं. दादा पहिल्यापासून लोभी.’ पुढचं एक वाक्य घरातल्या चौथ्याच माणसाबद्दल होतं. ते लेखात घेतलं नाही, म्हणून इथेही देत नाही.

पहिल्या दुपारी मी लाल पेन्सिल आक्कांच्याच हातात दिली. डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं तेवढ्याखाली सरळ रेघ मारा. मनानं ताडलं असेल त्याखाली नागमोडी, असं सांगितलं. सरळ रेघ एकाच ठिकाणी आली, ‘कागद पुढं केला’ इथे. वहिनींबद्दल विचारलं तर म्हणाल्या, “ती चुलीपाशी होती. पण तिच्याच डोक्यातून निघालं असणार.” हे ‘असणार’ खर्ड्यात ‘झालं’ होऊन बसलं होतं. कौटुंबिक आठवणींत अन्याय बहुधा याच वाटेनं शिरतो. लिहिणारा खोटं बोलत नसतो. चाळीस वर्षं मनात घोळवलेला अंदाज त्याला पाहिल्यासारखा वाटू लागलेला असतो.

दुसऱ्या दुपारी आक्कांनी ट्रंकेतून हक्कसोडपत्राची नक्कल काढली. हा दस्त घरच्या सहीवर पुरा होत नाही. देणाऱ्याला दुय्यम निबंधकासमोर हजर राहून, हा दस्त मीच करून दिला, असं कबूल करावं लागतं. नकलेवरची तारीख तेराव्याची नव्हती, दोन महिन्यांनंतरची होती. आक्का बराच वेळ त्या शिक्क्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांना दौंडचं ऑफिस आठवलं, बाकावर बसलेल्या बायका आठवल्या, आणि “राजीखुशीनं देताय ना?” हा साहेबांचा प्रश्नही आठवला. दोन दिवस आठवणीत एक झाले होते. ‘फसवून’ हा शब्द त्यांनी स्वतःच खोडला. दुःख मात्र खोडायचं कारण नव्हतं. फसवणूक झाली नव्हती म्हणून दुखलं नव्हतं असं होत नाही. नेमकं काय दुखलं, ते आता शोधायचं होतं.

तिसरी दुपार ओळखीच्या खुणांची. आक्का म्हणाल्या, नावं बदलून टाकू. पण लेख त्यांच्या नावानं छापायचा, आणि त्यांना भाऊ एकच. नाव काहीही दिलं तरी केडगाव स्टेशनपासून चौफुल्यापर्यंत सगळ्यांना कळणार. मग थोरल्याचा धाकटा करावा का? नात्यात धाकटा चुलतभाऊ आहे. ज्यानं काही केलंच नाही त्याच्या माथी गोष्ट लागली असती. वेश बदलताना तो दुसऱ्या कुणाच्या अंगावर तर बसत नाही ना, हे पाहावं लागतं. म्हणून नाव बदलण्याच्या भरवशावर न राहता प्रत्येक तपशिलाला एकच प्रश्न विचारला : हा गोष्ट सांगतो, की फक्त माणूस दाखवून देतो? गट नंबर, घराचा रंग, दादांच्या नोकरीचं ठिकाण गेलं. विहिरीकाठचं आंब्याचं झाड राहिलं, कारण जमीन दिली म्हणजे आक्कांच्या लेखी ते झाड दिलं होतं. चौथ्या माणसाबद्दलचं वाक्य याच दुपारी गेलं. ते खरं होतं, पण त्याचा कागदाशी संबंध नव्हता. आपल्या फौजदारी कायद्यातही मानहानीच्या आरोपाला नुसतं ‘खरं आहे’ हे उत्तर पुरत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. गेलेल्या माणसाच्या बदनामीनं त्याच्या घरच्यांना दुखवण्याचा हेतू असेल, तर तोही गुन्हा ठरू शकतो.

चौथ्या दुपारी मी आमच्या गावचंच एक उदाहरण आक्कांपुढे ठेवलं. मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे राहिल्या होत्या. तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या धर्ममाता. रमाबाई आणि त्यांची लेक मनोरमा त्यांना ‘आजीबाई’ म्हणत. पण धर्ममतांवरून आणि लहानग्या मनोरमेला कोणत्या वळणानं वाढवायचं यावरून दोघींत कडाक्याचा वाद झाला. पुढे या वादातली पत्रं जेराल्डिननीच जमवली आणि सोबत आपले शेरे लिहिले. ते रमाबाईंना झुकतं माप देणारे नाहीत. तरी रमाबाईंची उत्तरंही त्यांनी जपली. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली 1977 साली महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळानं तो संग्रह प्रसिद्ध केला, आणि आज वाचकाला शेऱ्यांशी असहमत होता येतं ते त्या उत्तरांमुळेच. समोरच्याचं म्हणणं त्याच्या शब्दांत ठेवलं, की लिहिणाऱ्याचा राग असूनही न्याय होऊ शकतो.

मी आक्कांना विचारलं, दादांचं उत्तर तुमच्या लेखात कुठे आहे? त्या म्हणाल्या, सोसायटीचं कर्ज त्याच्या डोक्यावर होतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. ते आम्ही घातलं. ‘लोभी’ हा शिक्का मग आपोआप गळाला.

पाचव्या दुपारी आक्कांनी दादांना घरी बोलावून लेख वाचून दाखवला. आधीच ठरलं होतं की तपशील चुकला असेल तर दुरुस्त करायचा, पण आक्कांना काय वाटलं ते बदलायचा हक्क दादांना नाही. ते ऐकून गप्प राहिले. मग एवढंच म्हणाले, “कर्ज घेतलं उसावर, पण गेलं वडिलांच्या दवाखान्यात. तेवढं लिही.” छापलेला परिच्छेद आता असा आहे :

‘तेराव्याला पंगत उठल्यावर दादा म्हणाला, जमिनीचा कागद करून घेऊ. मी मान हलवली. दोन महिन्यांनी दौंडला साहेबांनी विचारलं, राजीखुशीनं देताय ना? मी हो म्हणाले. सोसायटीचं कर्ज दादाच्या नावावर होतं. उसावर घेतलेलं ते कर्ज वडिलांच्या दवाखान्यात गेलं होतं. पण तुला काय हवंय, असं त्या दोन महिन्यांत मला कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मला विहिरीवरचा आंबा हवा होता.’

पहिल्या खर्ड्यात तीन आरोप होते आणि आंबा नव्हता. दुसऱ्यात आरोप एकच उरला, तोही दादांनी ऐकून तसाच राहू दिला.

ही रीत सगळीकडे चालेल असं मी म्हणणार नाही. घरात मारहाण झाली असेल, आजही धाक असेल, तर लेख त्या माणसाला आधी वाचून दाखवणं धोक्याचं आहे. तिथे कागदपत्रं आणि साक्षीदार पाहावेत, आणि लिहिणारीच्या सुरक्षिततेसाठी तिचंच नाव झाकावं. न्यायानं लिहायचं म्हणजे दोष वाटून टाकायचे असं नाही.

पुढच्या वर्षीच्या अंकासाठी घरच्या आठवणी पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे. खर्डा झाला की सरळ आणि नागमोडी रेघा मारा, ट्रंकेतले कागद काढून तारखा ताडून पाहा, आणि समोरच्या माणसाचं एक तरी वाक्य त्याच्या शब्दांत लिहून मगच पाकीट बंद करा.