आभाराची यादी

सभेत सर्वांत कमी वेळ आभाराला मिळतो आणि सभेनंतरचे रुसवे-फुगवे मात्र बहुधा त्यावरूनच होतात. मागे एका विहारातल्या 2 मार्चच्या कार्यक्रमाचे आभाराचे भाषण आमच्याकडे तपासायला आले. काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 साली याच तारखेला सुरू झाला, म्हणून नाशिकमध्ये या दिवशी सभा होतातच. भाषण फुलस्केपची तीन पाने होते आणि नावे होती 26. पहिल्या पानावर सत्याग्रहाचा सगळा इतिहास होता. तो प्रमुख वक्ते सांगणारच होते, म्हणून ते पान आम्ही प्रथम बाजूला काढले.

मग नावे घेतली. सुरुवात मोठ्या देणगीदारापासून होती, अध्यक्ष चौथे आणि पूज्य भन्ते मंडपवाल्याच्याही खाली. 14 नावे तर संयोजन समितीचीच होती. घरच्यांनी घरच्यांचे आभार मानायचे नसतात, ती नावे गेली. तीन नावे दोनदा आली होती, एकदा पाहुणे म्हणून आणि एकदा देणगीदार म्हणून. ती वरच्या जागी ठेवून खाली खोडली. उरली नऊ.

या नऊंचा क्रम आम्ही असा लावला. प्रथम ज्यांनी त्रिशरण-पंचशील दिले ते पूज्य भन्ते. त्यांना वंदन करायचे, आभार म्हणायचे नाहीत. मग अध्यक्ष, मग प्रमुख वक्ते, मग तीन पाहुणे. पाहुण्यांत कोण आधी हा वाद नको असेल, तर निमंत्रण पत्रिकेतला क्रम जसाच्या तसा उचलावा. तो समितीने आधीच ठरवलेला असतो. त्यानंतर मंचाखालची माणसे, म्हणजे दोन दानदाते आणि माईकवाला.

एवढ्यावर यादी व्यवस्थित दिसत होती, पण एक गोष्ट खटकत होती. ज्या महिला मंडळाने दीडशे माणसांचा स्वयंपाक केला, त्याचा उल्लेख शेवटी “ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार” एवढ्यातच संपला होता.

येथे बाबासाहेबांचे 25 नोव्हेंबर 1949 चे संविधान सभेतले भाषण आठवावे. संविधानाचे श्रेय त्यांनी एकट्याकडे घेतले नाही. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव आणि मसुदा समितीचे सदस्य यांना त्यांनी श्रेयाचा वाटा दिला. त्याहून मोठा वाटा त्यांनी मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना दिला. मुखर्जींच्या हाताखालचे कर्मचारी कधी मध्यरात्र उलटेपर्यंत राबले, हेही ते विसरले नाहीत. सभेत विरोधी सूर लावणाऱ्या सदस्यांचीही त्यांनी दखल घेतली, आणि संविधान सभेच्या अध्यक्षांचे आभार या सर्वांनंतर मानले. म्हणजे क्रम प्रसंगाप्रमाणे बदलू शकतो. पण कोणी काय केले हे सांगण्यात ते चुकले नाहीत.

हेच आम्ही त्या मसुद्यात केले. “महिला मंडळाचेही आभार” याऐवजी “पहाटेपासून चुलीपुढे राबून ज्यांनी दीडशे जणांचे भोजन केले, त्या महिला मंडळाच्या भगिनींचे आभार” असे लिहिले आणि ते दानदात्यांच्या आधी घेतले. प्रत्येक नावाला एक वाक्य आणि एकच काम. “थोर विचारवंत, झुंजार, धडाडीचे” ही विशेषणे सूत्रसंचालकाने ओळख करून देताना वापरलेली असतात, ती पुन्हा नकोत. समता सैनिक दल आणि पोलीस यांचा उल्लेख नावांशिवाय, गट म्हणून केला.

शेवट मात्र सर्वांत जास्त कापावा लागला. मूळ भाषणात “जाता जाता” तीनदा होते आणि “चुकून कोणाचे नाव राहिल्यास क्षमस्व” हे वाक्यही होते. या वाक्याने रुसणाऱ्याचे समाधान होत नाही, उलट कोण राहिले ते सगळे शोधू लागतात. शिवाय 2000 च्या ध्वनी नियमांप्रमाणे, सवलतीचे दिवस सोडले तर, रात्री 10 ला लाऊडस्पीकर बंद करावा लागतो. आभार बहुधा पावणेदहाला सुरू होतात, आणि त्यानंतर सरणत्तय व्हायचे असते. म्हणून शेवट एवढाच ठेवला: “आपण सर्व उपासक-उपासिका शेवटपर्यंत बसलात, आपले आभार. आता सरणत्तय घेऊ या. जय भीम.”

घड्याळ लावून मोठ्याने वाचले, तेव्हा सात मिनिटांचे भाषण दोन मिनिटांत बसले. एक काम सभेच्याच वेळेसाठी राखले होते. आभार मानणाऱ्याने पेन्सिल घेऊन मंचाकडे पाहायचे, न आलेल्याचे नाव खोडायचे आणि ऐनवेळी आलेल्याचे त्याच्या जागी, म्हणजे पाहुण्यांच्या ओळीत, लिहायचे. त्या दिवशी एक पाहुणे आलेच नाहीत. त्यांचे नाव खोडले गेले, आणि रिकाम्या खुर्चीचे आभार मानण्याचा प्रसंग टळला.