फेब्रुवारीअखेरची तारीख करारनाम्यात लिहा

प्रति,
मा. संचालक,
माहिती तंत्रज्ञान संचालनालय,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय: क्लाउडवरील डेटाबेसच्या सक्तीच्या अपग्रेडची तरतूद करारनाम्यात करण्याबाबत

महोदय,

पुण्यात राहून लहान-मोठ्या संस्थांचे क्लाउडवरचे डेटाबेस सांभाळणे हा माझा व्यवसाय आहे. सार्वजनिक क्लाउडचे धोरण महाराष्ट्राने 2018 मध्येच जाहीर केले. तेव्हापासून शासकीय कामांच्या निविदांत सर्व्हर किती, साठवण किती, बॅकअप किती दिवसांचा, हे लिहिण्याची सवय सर्वांनाच लागली. डेटाबेसची आवृत्ती कोणती आणि ती कोणत्या तारखेला कालबाह्य होणार, हे दोन रकानेही प्रत्येक करारनाम्यात सक्तीचे असावेत, एवढ्यासाठी हे पत्र.

उदाहरण म्हणून पोस्टग्रेस घेऊ. हा मुक्त डेटाबेस आहे आणि त्याची नवी मोठी आवृत्ती साधारण दरवर्षी येते. प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात आणि मग त्या थांबतात. अ‍ॅमेझॉनच्या आरडीएससारख्या सेवेवर तोच डेटाबेस भाड्याने घेतला, तर ही मुदत आणखी काही महिने वाढते. पण ती संपते केव्हा, ते पाहा. आरडीएसवर पोस्टग्रेस 11 आणि मायएसक्यूएल 5.7 या दोन्हींचा नियमित सपोर्ट 29 फेब्रुवारी 2024 ला संपला. पोस्टग्रेस 12 साठी तारीख होती 28 फेब्रुवारी 2025 आणि 13 साठी 28 फेब्रुवारी 2026. प्रत्येक वेळी फेब्रुवारीअखेर. आपल्या नगरपालिकांत तेव्हा करवसुलीची धावपळ शिगेला पोचलेली असते. डेटाबेसला हात लावायला वर्षातला याहून वाईट काळ शोधून सापडणार नाही.

आता एक हिशेब मांडतो. समजा, एका नगरपालिकेच्या कर प्रणालीची निविदा 2021 मध्ये निघाली आणि कंत्राटदाराने पोस्टग्रेस 12 निवडला. ती आवृत्ती ऑक्टोबर 2019 मधली, म्हणजे तेव्हाच दोन वर्षांची. प्रणाली एप्रिल 2022 मध्ये सुरू झाली आणि देखभालीचा करार पाच वर्षांचा, मार्च 2027 पर्यंत. या कराराच्या तिसऱ्या वर्षाअखेरीस, फेब्रुवारी 2025 मध्ये, डेटाबेसचा सपोर्ट संपतो. निविदेत त्याचा उल्लेख नाही, म्हणून कंत्राटदार म्हणतो, अपग्रेड हे वेगळे काम आहे, वेगळे पैसे द्या. कार्यालय म्हणते, देखभालीतच ते आले. पत्रव्यवहार चालू राहतो आणि 1 मार्चपासून बिल वाढते.

ते किती वाढते? मुदत संपलेल्या आवृत्तीला आरडीएस लगेच बंद करत नाही, विस्तारित सपोर्टमध्ये टाकते. त्याची आकारणी व्हीसीपीयूवर, तासाच्या हिशेबाने होते. अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनिया केंद्राचा दर पहिली दोन वर्षे तासाला दर व्हीसीपीयू 10 सेंट, तिसऱ्या वर्षी 20 सेंट. मुंबई केंद्राचा दर आपल्या बिलात पाहता येईल. db.t3.medium या लहान सर्व्हरला दोन व्हीसीपीयू असतात. त्याचे मूळ भाडे उत्तर व्हर्जिनियात तासाला सुमारे 7 सेंट आणि हा अधिभार 20 सेंट. महिन्याच्या 730 तासांचे 146 डॉलर होतात. वरच्या उदाहरणातल्या नगरपालिकेने काहीच केले नाही, तर करार संपेपर्यंत ही रक्कम सुमारे 3,800 डॉलर होते. राखीव सर्व्हर जोडलेला असेल तर दुप्पट. अधिभार सर्व्हरच्या किमतीवर नसून व्हीसीपीयूवर असल्याने तो सर्वांत जड जातो तो सर्वांत लहान सर्व्हरला, म्हणजे सर्वांत लहान संस्थेला.

हा सपोर्ट नको असेल, तर तसे डेटाबेस तयार करताना किंवा बॅकअपमधून नव्याने उभा करतानाच सांगावे लागते. चालू डेटाबेसवर ते बदलता येत नाही. आणि तो नाकारला, तर मुदत संपल्यावर सेवा स्वतःहूनच पुढच्या मोठ्या आवृत्तीवर नेते. म्हणजे अधिभार तरी भरायचा, नाहीतर त्यांनी ठरवलेल्या वेळी अपग्रेड सोसायचे. या दोन्हींतून सुटण्याचा मार्ग एकच: मुदतीआधी आपण स्वतः अपग्रेड करणे.

आता वेळेबद्दल. प्रत्येक डेटाबेसला आठवड्यातून किमान अर्ध्या तासाची मेंटेनन्स विंडो ठरवून द्यावी लागते. आपण दिली नाही तर सेवा आपल्या मनाने एक निवडते. ही वेळ यूटीसीमध्ये लिहिलेली असते, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. रविवारी पहाटे तीन वाजता काम व्हावे असे वाटत असेल तर तिथे `sat:21:30-sat:22:00` असे, शनिवारचे नाव घालून लिहावे लागते. कोणी घाईत `mon:06:00-mon:06:30` लिहिले, तर काम सोमवारी सकाळी साडेअकराला, कर भरायच्या खिडकीसमोर रांग लागलेली असताना सुरू होते. आपल्या अखत्यारीतल्या कोणत्याही खात्यावर हे एका आदेशात तपासता येते:

```
aws rds describe-db-instances --output table \
  --query "DBInstances[].[DBInstanceIdentifier,EngineVersion,PreferredMaintenanceWindow]"
```

विंडोबद्दल आणखी दोन गोष्टी कंत्राटदाराला विचाराव्यात. एक, विंडो ही काम सुरू होण्याची वेळ आहे, संपण्याची हमी नाही. मोठे काम अर्ध्या तासापलीकडे जाऊ शकते. दुसरी, राखीव सर्व्हर आहे म्हणून सेवा थांबणार नाही, हा समज मोठ्या आवृत्तीच्या अपग्रेडला लागू पडत नाही. मुख्य आणि राखीव, दोन्ही सर्व्हर एकाच वेळी अपग्रेड होतात आणि तेवढा वेळ डेटाबेस बंद असतो.

हा वेळ किती, ते अंदाजाने सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. ते रंगीत तालमीत मोजावे. ताज्या बॅकअपवरून तेवढ्याच क्षमतेची प्रत उभी करायची, ती 12 वरून 16 वर न्यायची आणि घड्याळ लावायचे. प्रत काही दिवस ठेवण्याचा खर्च किरकोळ असतो. तालमीत बहुधा पहिला अडथळा येतो तो पूर्वतपासणीचा. मालमत्तांचे नकाशे असतील तर डेटाबेसमध्ये पोस्टजीआयएस असतो. तो आधी अद्ययावत केलेला नसेल तर अपग्रेड तिथेच थांबते आणि डेटाबेस जुन्याच आवृत्तीवर चालू राहतो. म्हणूनच खऱ्या दिवशी ही चूक लक्षात येत नाही. सकाळी संकेतस्थळ व्यवस्थित उघडते, सगळे खूश होतात आणि आवृत्ती बदललेलीच नसते. काम झाले की नाही ते संकेतस्थळ पाहून ठरवू नये; `SELECT version();` चे उत्तर आणि पूर्वतपासणीची लॉग फाइल, दोन्ही अहवालाला जोडून मागावीत.

दुसरा अडथळा अपग्रेड यशस्वी झाल्यावर येतो. कोणत्या टेबलात किती ओळी आहेत, कोणती माहिती कशी पसरली आहे, याचा अंदाज पोस्टग्रेस जवळ बाळगतो आणि त्यावरून शोधाचा मार्ग ठरवतो. 17 पर्यंतच्या कोणत्याही आवृत्तीवर अपग्रेड करताना हे अंदाज सोबत जात नाहीत. 18 पासून ती सोय झाली. अंदाज नसलेला डेटाबेस चुकीचे मार्ग निवडतो. अर्ध्या सेकंदात येणारी थकबाकी काही मिनिटे घेते, प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो आणि ‘नवी आवृत्तीच मंद आहे’ अशी हाकाटी सुरू होते. उपाय एका ओळीचा आहे: संकेतस्थळ लोकांना खुले करण्याआधी `ANALYZE VERBOSE;` चालवणे. त्याला लागणारा वेळही तालमीत मोजून बंदच्या वेळेत धरावा लागतो.

आणि परतीचा रस्ता. मोठ्या आवृत्तीवरून मागे येण्याचे बटण नाही. अपग्रेडआधीच्या बॅकअपमधून जुना डेटाबेस उभा करता येतो, पण त्यानंतर फाडलेली एकही पावती त्यात नसते. म्हणून पुढे जायचे की मागे फिरायचे, हा निर्णय संकेतस्थळ खुले करण्याआधी झाला पाहिजे आणि तो घेणारा अधिकारी त्या पहाटे फोनवर हजर असला पाहिजे. बंदचा वेळ परवडतच नसेल तर निळा-हिरवा मार्ग आहे. त्यात नव्या आवृत्तीची जोडप्रत आधीच चालू ठेवून ऐनवेळी अदलाबदल करतात आणि ती सहसा मिनिटभरात होते. मात्र त्यासाठी प्रत्येक टेबलाला प्राथमिक की लागते आणि त्या काळात टेबलांच्या रचनेत बदल करता येत नाहीत. जुन्या प्रणालींत ही पहिली अटच बऱ्याचदा अडते. म्हणून तीही तालमीतच तपासावी.

आपल्याकडे मागणे पाच गोष्टींचे आहे. प्रत्येक करारनाम्यात डेटाबेसचे नाव, आवृत्ती आणि सपोर्ट संपण्याची तारीख यांचा तक्ता असावा आणि तो दरवर्षी तपासला जावा. कराराच्या काळात मुदत संपत असेल, तर अपग्रेड हे देखभालीच्या रकमेतले काम म्हणून आधीच धरावे. ते दिवाळीनंतर आणि जानेवारीच्या मध्याआधी व्हावे, त्यापूर्वी मोजलेल्या वेळेसह एक तालीम व्हावी. विस्तारित सपोर्टचा अधिभार लागलाच, तर काम लांबवणाऱ्याने तो भरावा: कंत्राटदाराने लांबवले तर त्याने, कार्यालयाने बंदची परवानगी दिली नाही तर कार्यालयाने. आणि मेंटेनन्स विंडो भारतीय वेळ व यूटीसी अशा दोन्हींत लिहून कार्यालय प्रमुखाच्या सहीने ठरावी.

यासाठी नवा निधी किंवा नवी यंत्रणा लागत नाही. निविदेच्या नमुन्यात एक पान वाढते. पोस्टग्रेस 14 च्या दुरुस्त्यांची शेवटची तारीख 12 नोव्हेंबर 2026 आहे. राज्यातले किती डेटाबेस त्या आवृत्तीवर किंवा तिच्याही मागे आहेत, याची यादी आपण प्रत्येक विभागाकडून मागवावी, ही विनंती.

आपला,
डेटाबेस सांभाळणारा एक नागरिक, पुणे