पुंडलिकाची उपमा नको

प्रिय मित्रास,

तू पुणे सोडून लाखांदूर तालुक्यातल्या आपल्या गावी परत गेलास त्याला या दिवाळीत तीन वर्षे होतील. या काळात आपल्या वर्तुळात तुझा विषय निघाला की कोणी ना कोणी पुंडलिकाचे नाव घेतो. बोलणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हे मी जाणतो. तरीही मला ही उपमा खटकत आली आहे, आणि ती का खटकते हे तुला उद्देशून, पण सर्वांसमक्ष लिहावे असे वाटले.

पुंडलिकाच्या कथेत आपल्याला काय ठाऊक असते? आईवडिलांची सेवा चालू असताना देव दारी आला, पुंडलिकाने त्याला वीट दिली, देव तिच्यावर उभा राहिला. पुढचे सारे संतवाङ्मय त्या उभ्या राहिलेल्या देवाकडे वळते, आणि ते स्वाभाविकच आहे. पण आतल्या खोलीत काय चालले होते, म्हाताऱ्याला कुशीवर कोण वळवत होते, रात्री कितीदा उठावे लागत होते, याचा तपशील कथेला लागत नाही. पुंडलिकाला दुसरे काही करायचे होते का, हा प्रश्नही कथेत उद्भवत नाही. त्याने काही सोडले नाही, उलट त्याला सारे मिळाले. तुझ्या बाबतीत ही उपमा वापरली की तू जे सोडलेस ते आपोआप नाहीसे होते. शिवाय पुंडलिकासाठी देव थांबला. विद्यापीठ थांबत नाही, हे तुझ्याइतके कोणाला ठाऊक असणार!

दुसरी उपमा तुझ्या पाठीमागे दिली जाते, आणि ती 'कोसला'च्या वाचकांना सहज सुचते. पुण्यात शिकायला आलेला खानदेशचा मुलगा शेवटी गावी परततो. १९६३ सालच्या त्या कादंबरीपासून आपल्या वाङ्मयीन कल्पनेत गावी परतणे म्हणजे काहीतरी हरून, विझून येणे असे जणू ठरून गेले आहे. तू हरून गेला नव्हतास. तुझ्या प्रबंधाची दोन प्रकरणे लिहून झाली होती.

आपल्या साहित्यात वृद्धांचे दुःख पुष्कळ आहे. 'नटसम्राट' आहे, दळवींचे 'संध्याछाया' आहे. पण ही नाटके आपण आईवडिलांच्या बाजूने पाहतो; मुलगा तिथे एक तर कृतघ्न असतो किंवा दूर असतो. जो जवळ आहे, आणि म्हणून ज्याचे आयुष्य दुसऱ्याच्या अंथरुणाभोवती बेतले जाते, तो आपल्या नाटकाचा नायक क्वचितच होतो. तो मला आढळतो तो एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त, आणि तोही कडेला. १९८५ च्या या विदर्भातल्या वाड्यात अंथरुणाला खिळलेली दादी पुन्हा पुन्हा वेळ विचारत राहते. आणि घरातली अंगमेहनतीची कामे निमूटपणे करणारा चंदू आहे, शिकण्याची इच्छा असून शिकू न दिलेली प्रभा आहे. आपण वर्गात हे नाटक शिकवतो तेव्हा सरंजामी व्यवस्थेचा ऱ्हास, भास्कर आणि सुधीर यांच्यातला ताण, दागिन्यांचा प्रश्न यांवर तास संपतो. चंदूवर परीक्षेत प्रश्न आलेला मला तरी आठवत नाही. हा नाटककाराचा दोष नव्हे. त्याने चंदूला पाहिले आहे. आपणच त्याच्यावरून पुढे जातो.

आता तू काय सोडलेस ते नीट मांडतो. तू कायम नोकरी सोडलीस असे कोणी म्हणाले की मी दुरुस्त करतो. तू तासिका तत्त्वावर होतास. तिथे नेमणूक शैक्षणिक वर्षापुरती, मोबदला घेतलेल्या तासांचा. कायम अध्यापकाला घरच्या कारणासाठी निदान बिनपगारी रजेचा अर्ज तरी करता येतो. तुला रजाच नव्हती. सोडणे आणि रजेवर जाणे यांतला फरक ज्याच्यासाठी व्यवस्थेने ठेवलाच नाही त्याने 'निर्णय घेतला' असे म्हणताना माझी जीभ अडखळते.

दुसरी गोष्ट प्रबंधाची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत कमाल मुदत सहा वर्षांची आहे. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना आणि चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे, आणि स्त्री संशोधकांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा आहे. या तरतुदी योग्यच आहेत, त्यांसाठी लोकांना झगडावे लागले. पण लहान मुलाला सांभाळणे हे संशोधनात अडथळा आणणारे काम आहे, एवढे ज्या नियमावलीला कळते, तिला अर्धांगवायूने पडलेल्या बापाला सांभाळणेही तसेच काम आहे, हे कळत नाही. तुझी वर्षे त्याच गतीने मोजली जात आहेत. कायद्याचेही असेच आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली, टाकून देणाऱ्याला शिक्षाही ठेवली. निर्वाह म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, औषधोपचार. हे सारे तुझा भाऊ हैदराबादहून पैसे पाठवून पुरे करू शकतो, आणि तो प्रामाणिकपणे करतोही. तू जे देतोस ते या यादीत नाही.

तू देतोस ती झोप. हे मला तुझ्याकडे गेल्या उन्हाळ्यात चार दिवस राहिल्यावर कळले, एरवी कळले नसते. काकाजींची उजवी बाजू गेली आहे आणि ते स्वतः कूस बदलू शकत नाहीत. तेव्हा दर दोन तासांनी त्यांना वळवावे लागते, रात्रीही. माकडहाड, कंबरेची दोन्ही हाडे आणि टाचा रोज पाहाव्या लागतात. लाल झालेल्या जागेवर बोट दाबून सोडले आणि लाली क्षणभरही फिकी पडली नाही, तर तिथे जखम होऊ घातली आहे असे समजायचे आणि त्या बाजूवर भार येऊ द्यायचा नाही. हे तू मला दाखवलेस तेव्हा तुझ्या बोलण्यात हस्तलिखिताचे पान तपासताना येते तीच सावधगिरी होती. जेवणाचेही तसेच. भाताच्या मुलखात पातळ पेज हे आजाऱ्याचे पहिले अन्न. पण गिळण्याची शक्ती क्षीण झालेल्या माणसाला पातळ पदार्थच अधिक धोक्याचा, कारण तो श्वासनलिकेत उतरतो. म्हणून पेज दाट, माणूस ताठ बसलेला, घास लहान, घासानंतर ठसका लागतो का आणि आवाज ओला, घरघरता होतो का याकडे कान, आणि शेवटी लुळ्या बाजूच्या गालात काही राहिले आहे का ते पाहणे. एका जेवणाला पाऊण तास. दुसरीकडे काकू एकच प्रश्न दहादा विचारतात आणि तू दहाही वेळा उत्तर देतोस.

या दोन-दोन तासांच्या तुकड्यांत माणूस जगू शकतो, पुष्कळ कामेही करू शकतो. प्रबंध लिहू शकत नाही. आपल्या कामाला सलग तीन-चार तास लागतात, त्यातला पहिला तास तर कालचे सूत्र पुन्हा हाती येण्यातच जातो. 'रिकाम्या वेळात थोडे थोडे लिहीत जा' असा सल्ला तुला देणाऱ्यांत तुझे मार्गदर्शकही होते असे तू सांगितलेस. त्यांना रिकाम्या वेळेची लांबी माहीत नसावी.

आणि आता तो युक्तिवाद, जो मला सर्वांत निर्दय वाटतो. तुझा विषय दंडार. 'बरेच झाले, आता तू संशोधनक्षेत्रातच जाऊन राहिलास', असे लोक म्हणतात. साकोलीसारख्या ठिकाणी राहून डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीचे केवढे काम उभे केले, असा दाखलाही देतात. बोरकरांचे काम थोर आहेच. पण ते काम गावोगाव हिंडून, माणसांत बसून, बोललेला शब्द टिपून झालेले आहे. दंडार रात्रीची असते. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरू लागते, दिवसा बाजार आणि रात्री दंडार किंवा नाटक, आणि हा हंगाम पुढे हिवाळाभर चालतो. ज्या माणसाला रात्री दोन तासांपलीकडे घराबाहेर राहता येत नाही, त्याला दंडार पुण्याहून जितकी दूर होती त्याहून आता अधिक दूर आहे. पुण्याहून तू निदान दहा रात्रींची सवड काढून येत होतास. आता शेजारच्या गावचा ढोलकीचा आवाज धानाच्या बांधावरून तुझ्या अंगणात येतो आणि तू तेल घेऊन काकाजींच्या टाचा चोळत असतोस. याला संशोधनक्षेत्रात राहणे म्हणायचे असेल तर म्हणोत.

तू स्वतः कधी तक्रार केली नाहीस. उलट 'मी काही सोडले नाही रे, मीच आलो' असे म्हणतोस. मला ते पूर्ण पटत नाही, आणि पूर्ण खोटेही वाटत नाही. तुला काकाजींजवळ असायचे होते, हे मी पाहिले आहे. पण ज्याला जिथे असायचे होते तिथे तो गेला म्हणून त्याचे मागे राहिलेले काही हरवले नाही, असा हिशेब कोणत्या शास्त्रात बसतो? दोन्ही खरे आहे, आणि तुझ्या मित्रांनी तरी दोन्ही बोलावे.

नुसते बोलून भागणार नाही, म्हणून एक विचारतो. आमच्या महाविद्यालयाला दिवाळीची सुट्टी आहे. भाऊबीज आटोपून मी निघतो, नागपूरहून पवनीमार्गे येणारी एसटी तुझ्या गावी किती वाजता पोहोचते ते कळव. पाच रात्री राहीन. वळवण्याच्या वेळा, औषधांचा क्रम, पेज किती दाट हे सारे एका कागदावर लिहून ठेव, आणि पहिल्या रात्री तू घरीच राहून माझे हात नीट पडतात का ते पाहा. काकूंना माझे नाव आठवणार नाही, तर नवा पाहुणा म्हणूनच सांग. उरलेल्या चार रात्री कोणत्या गावी कोणती दंडार आहे ते आतापासून विचारून ठेव. ध्वनिमुद्रणाचे तुझे जुने यंत्र चालत नसेल तर माझे घेऊन येतो.

तुझा,
एम.ए.च्या वर्गातला बाकसोबती