आधी कारण, मग काम, इतिहास शेवटी

महाराष्ट्र सरकारचा कुठलाही शासन निर्णय उघडून बघा. वर विषय, मग संदर्भ, मग लांबलचक प्रस्तावना, आणि त्यानंतर कुठे खरा निर्णय. दप्तरात जपून ठेवायच्या कागदाला हा क्रम शोभतो, कारण उद्या कुणी विचारलं तर मागचा सगळा धागा सापडायला हवा. पण आपल्या मंडळाच्या ग्रुपवरही आपण असंच लिहितो, आणि ते मला पटत नाही.

समजा, संपादक मंडळानं ठरवलं की यापुढे लेख युनिकोडमध्येच घ्यायचे. नेहमीच्या सवयीनं सूचना अशी निघते: ‘सर्वांना नमस्कार. गेली काही वर्षं आपला अंक उत्साहानं निघतो आहे. मागच्या बैठकीत बरीच चर्चा झाली...’ व्हॉट्सअ‍ॅपवर मोठा मेसेज अर्ध्यात तुटतो आणि पुढचं वाचायला बोट लावावं लागतं. बरेच जण ते लावत नाहीत. म्हणजे त्यांच्यापर्यंत फक्त नमस्कार पोचतो!

माझ्या मते ती सूचना अशी हवी:

‘१५ तारखेपासून लेख फक्त युनिकोडमध्ये पाठवा. जुन्या फॉन्टमधली फाईल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की अक्षरांचा गोंधळ होतो आणि पूर्ण लेख पुन्हा टाइप करावा लागतो. लेखकांनी: फोनच्या मराठी कीबोर्डवर टाइप करून फाईल मेल करावी. मुद्रितशोधकांनी: जुन्या फॉन्टची फाईल आली तर ती दुरुस्त न करता त्याच दिवशी परत पाठवावी. आधी स्वीकारलेल्या लेखांना हा नियम नाही. टायपिंग जमत नसेल तर सहसंपादकांना सांगा.’

चर्चेचा वृत्तांत याच्या खाली द्या. ज्याला हवा तो वाचेल.

यात कारण एकाच वाक्यात आहे, पण ते खरं आहे. नुसतं ‘सोयीसाठी’ लिहिलं की लगेच प्रश्न येतो, ‘कुणाच्या सोयीसाठी?’ आणि काम नेमून दिलेलं आहे. ‘सर्वांनी सहकार्य करावं’ म्हटलं की कुणीच काही करत नाही.

सूचना जमली की नाही, हे पाठवण्याआधीच कळू शकतं. बैठकीला नसलेल्या एखाद्याला फक्त पहिल्या तीन ओळी वाचायला द्या आणि विचारा, ‘तुला आता काय करायचंय, आणि का?’ उत्तर अडखळलं तर मजकूर बदला.

एक मर्यादा मात्र सांगायला हवी. बदलामुळे कुणाचं काम किंवा पद जाणार असेल, तर त्या व्यक्तीशी आधी समोर बसून बोला. कितीही नीट लिहिलेली असली, तरी ही बातमी तिला ग्रुपवरून कळू नये.