पैठणीची उलटी बाजू दाखवा!

मंडळी, लग्नसराई आली की व्हॉट्सॲपवर पैठण्यांचे फोटो सुरू होतात. प्रत्येकाखाली तेच: 'येवल्याची ओरिजिनल हॅंडलूम'. येवला आमच्याच नाशिक जिल्ह्यातलं, त्यामुळे ओळखीतले सगळे हे फोटो मलाच फॉरवर्ड करतात! माझं उत्तर ठरलेलं असतं: पदराचा उलट्या बाजूचा, जवळून काढलेला फोटो मागवा.

का ते सांगतो. पारंपरिक पैठणीत मोराचा हिरवा धागा मोरापुरताच जातो, शेजारच्या जरीत अडकतो आणि तिथूनच परत फिरतो. प्रत्येक रंगाची छोटी कांडी वेगळी, आणि विणकर ती हाताने फिरवतो. म्हणून मागून पदर जवळजवळ पुढच्यासारखाच दिसतो, फार तर एखादी गाठ किंवा शेपूट. यंत्रमागावर धागा या काठापासून त्या काठापर्यंत धावतो. जिथे नक्षी नाही तिथे तो मागे लोंबकळतो, नाहीतर कापून टाकतात आणि मागे बारीक केसाळ टोकं उरतात.

पण इथे एक गोची आहे. मागे धागे लोंबकळले म्हणजे यंत्रमागच, असं नाही. हातमागावर जॅकार्ड लावून विणलेल्या ब्रोकेड पैठणीतही ते असतात. म्हणजे सारखी उलटी बाजू हा हाताच्या कामाचा भक्कम पुरावा, पण लोंबकळते धागे दिसले तर फोटोवरून निकाल देता येत नाही. काठालगतच्या टाचण्यांच्या भोकांवरही विसंबू नका, कापड ताणून धरायची सोय यंत्रमागावरही असते. मग हॅंडलूम मार्कचं लेबल मागायचं. रेशीम आणि जर खरी की नाही, ते तर कुठल्याच फोटोत कळत नाही.

आता किंमत. परवा एकाने साडेसहा हजारांच्या साडीचा फोटो पाठवला, खाली लिहिलेलं 'हाताने विणलेला मोरांचा पदर'. हिशोब करू. समजा साधा पदर आणि विणायला 15 दिवस. रोज 500 रुपये धरले (माझ्या मते हे कमीच) तर मजुरी 7,500. रेशीम-जर समजा 4,000. झाले 11,500, आणि यात माग-मालक, दुकानदार कुणीच आलेलं नाही. म्हणजे साडेसहा हजारात हे बसतच नाही. तीच साडी हातमागावरच्या जॅकार्डची, 5 दिवसांत झालेली असेल तर 2,500 अधिक 4,000, म्हणजे साडेसहा हजार नुसता खर्चच! दुकानात ती आठ-नऊ हजारांना मिळाली तर मला भाव रास्त वाटेल.

यंत्रमागाची साडी घेण्यात काही वाईट नाही. ती तीन हजारांना यंत्रमागाची म्हणून विका, माझी तक्रार नाही. तीच बारा हजारांना 'हॅंडलूम' म्हणून विकली की त्या 15 दिवसांची मजुरी कुणीतरी न विणताच खिशात घालतो.

आणि हो, उलट्या बाजूचा फोटो मागितल्यावर विक्रेता 'फोटो नंतर पाठवतो' म्हणाला, तर मी तरी पुढच्या फोटोकडे वळतो.