‘मी डॉक्टर होणार’ : निर्णय नेमका कोणाचा?

विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये देशभरातील शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक असावा आणि गुणांनुसार मुलांच्या वेगळ्या बॅचेस शक्यतो करू नयेत, या त्यातल्या दोन. या सूचनांची चर्चा मुख्यतः ताणाच्या अंगाने झाली. पण त्यांचा संबंध पौगंडावस्थेतल्या एका मोठ्या कामाशीही आहे. ते काम म्हणजे ‘मी कोण?’ याचे उत्तर शोधणे.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी हा शोध या वयाच्या केंद्रस्थानी मानला. १९६६ मध्ये जेम्स मार्सिया यांनी तो तपासण्यासाठी दोन साधे प्रश्न पुढे ठेवले. मुलाने वेगवेगळे पर्याय खरोखर पडताळून पाहिले का? आणि त्याने एखादी दिशा पक्की केली आहे का? पडताळून पक्की केलेली दिशा ही कमावलेली ओळख. पडताळणी चालू आहे पण निर्णय झालेला नाही, तो शोधाचा काळ. दोन्ही नाही, ती भरकटलेली अवस्था. चौथा प्रकार आपल्याकडे सर्वांत जास्त कौतुकाचा असतो: पडताळणी शून्य, निर्णय मात्र ठाम. याला उसनी ओळख म्हणता येईल.

एक नेहमीचे उदाहरण घेऊ. आठवीतला हुशार मुलगा. आई-वडिलांनी त्याला ‘नीट’च्या फाउंडेशन वर्गाला घातले. शाळेत तो ‘अ’ तुकडीत. नववीत चित्रकला सुटली, दहावीत कबड्डी. अकरावीला ‘इंटिग्रेटेड’ महाविद्यालय, म्हणजे हजेरी नावापुरती आणि दिवसभर क्लास. पाहुणे आले की तो न अडखळता सांगतो, ‘एमबीबीएस करणार.’ घर निश्चिंत, शाळाही निश्चिंत. मग निकाल लागतो. दरवर्षी वीस लाखांहून अधिक मुले ही परीक्षा देतात आणि एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास आहेत. म्हणजे बहुतेकांना नकार ठरलेलाच. या मुलाचा नंबर लागत नाही, तेव्हा त्याच्या हातून एक जागा जाते एवढेच होत नाही. स्वतःबद्दल सांगण्यासारखे त्याच्याजवळ दुसरे काहीच उरत नाही. तो पुन्हा तीच परीक्षा देतो, मित्रांचे फोन टाळतो, दुसऱ्या कोणत्याही अभ्यासक्रमाचे नाव काढले की चिडतो.

मार्सियांच्या अभ्यासातही काहीसे असेच दिसले होते. उसनी ओळख असलेले तरुण अपयश आल्यावरही आपले अवास्तव लक्ष्य खाली आणत नव्हते. ताणाखाली दिलेले कोडे सोडवण्यात कमावलेली ओळख असलेले तरुण सरस ठरले.

शाळेचा वाटा इथे येतो. गुणांवरून पाडलेली तुकडी मुलाला त्याच्याबद्दलचे उत्तर आयते देते: तू हुशार, तू ढ. ‘अ’ तुकडीतला मुलगा शास्त्र शाखाच घेणार आणि ‘ड’ तुकडीतला कुठेतरी लागेल, हे सारेच गृहीत धरतात. एकाची पडताळणी अनावश्यक ठरते, दुसऱ्याची व्यर्थ. याउलट, फार काही न गमावता एखादी गोष्ट करून पाहण्याची आणि सोडण्याची सोय शाळाच देऊ शकते. एका सत्रात नाटक, दुसऱ्यात सुतारकाम, सुटीत जवळच्या दवाखान्यात किंवा पतसंस्थेत चार दिवस. कला, वाणिज्य, विज्ञान यांच्यातल्या भिंती काढण्याची भाषा २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही आहे. पण वेळापत्रकात जागा नसेल तर ती कागदावरच राहते.

निर्णय कमावलेला की उसना, हे कसे ओळखावे? मार्सियांच्या मुलाखतीत एक प्रश्न होता. त्याचा आशय असा: याहून चांगले काही समोर आले, तर हे सोडायला तू कितपत तयार आहेस? कमावलेली ओळख असलेला मुलगा थोडा विचार करतो, आपण काय पाहिले, काय नाकारले आणि का, ते सांगतो. उसनी ओळख असलेला सहसा प्रश्नच झटकतो: ‘पहिल्यापासून हेच ठरलंय.’ शाळेतला समुपदेशक हा प्रश्न नववीतच विचारू शकतो. तो फक्त नापासांसाठी असेल, तर ही मुले त्याच्यापर्यंत पोहोचणारच नाहीत.

मर्यादाही लक्षात ठेवायला हव्यात. मार्सियांचा मूळ अभ्यास अमेरिकेतल्या महाविद्यालयीन मुलांवर झाला, त्यात मुली नव्हत्या. उसनी ओळख हा आजार नाही. घरची शेती किंवा दुकान सांभाळायचे आधीच ठरलेली अनेक मुले सुखाने जगतात, कारण ती वाट सहसा एका परीक्षेने बंद होत नाही. धोका आहे तो एकच वाट, तीही अरुंद, या जोडीचा. निकालानंतर मूल बोलेनासे झाले, झोप-जेवण बिघडले किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणू लागले, तर थांबू नये. डॉक्टरांना दाखवावे, किंवा ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर बोलावे. आणि निकालापूर्वीच, ‘नाही झाले तर काय?’ हा प्रश्न घरात अपशकुन मानला जात असेल, तर तो आजच विचारावा.