रीडिंग संपलं, आता वहीत काय लिहायचं?

ऑनलाइन टॅरो रीडिंग घेणारे बरेच जण सेशन संपलं की क्लायंट जे जे बोलला ते सगळं उतरवून ठेवतात. पुढच्या वेळी आठवण राहावी म्हणून. माझं मत सरळ आहे: नोंद तुमच्या कामाची ठेवा, क्लायंटच्या आयुष्याची नको.

उदाहरण घेऊ. एका ताईंनी 600 रुपये भरून अर्ध्या तासाचं सेशन घेतलं. प्रश्न होता, नोकरी बदलू का? बोलता बोलता नवऱ्याचं कर्ज निघालं, सासूबाईंचं आजारपण निघालं. आता नोंद अशी करायची: क्लायंट 47, तारीख, तीन पत्ते, कोणते आले (एट ऑफ पेंटॅकल्स, टू ऑफ सोर्ड्स, द स्टार), प्रश्न ‘नोकरीबदल’, आपण सुचवलं ‘आधी हातात ऑफर लेटर, मग राजीनामा’. झालं, पाच ओळी. पुढच्या सेशनला एवढं पुरतं. कर्ज आणि आजारपण लिहायचं नाही. ते नवऱ्याचं आणि सासूबाईंचं आहे, आणि त्या दोघांनी तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही.

लिहिताना एकच कसोटी लावा: ही ओळ ताईंनी स्वतः वाचली तर चालेल का? ‘घरात पटत नाही वाटतं’ हा तुमचा अंदाज झाला. तो खोडा.

47 म्हणजे कोण, हे वेगळ्या वहीत ठेवा. तिथे नाव, नंबर, तारीख, रक्कम एवढंच. हिशोबाला हीच वही लागते. सीए किंवा दुकानातल्या मुलाच्या हातात ती गेली, तरी प्रश्न काय होता हे त्यांना कळत नाही. यूपीआयच्या रिमार्कमध्येही फक्त ‘सेशन’ लिहायला सांगा, कारण ‘घटस्फोट रीडिंग’ लिहिलं तर ते स्टेटमेंटवर दिसू शकतं, आणि जॉइंट खातं असेल तर घरच्यांनाही.

खरी गळती मात्र फोनमधून होते. क्लायंट व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतो, तो गॅलरीत सेव्ह होतो, तिथून बॅकअपला जातो. आणि तोच फोन दुकानात गिऱ्हाइकाला माल दाखवायला फिरतो! Settings > Chats मध्ये जाऊन Media visibility बंद करा. ते पुढच्या फोटोंना लागू होतं. आधीचे हातानेच काढावे लागतात.

व्हिडिओ रेकॉर्डिंग शक्यतो नकोच. क्लायंटने मागितलं तर करा, त्याला पाठवा आणि सात दिवसांत आपली कॉपी उडवा. हे पैसे घेण्याआधीच मेसेजमध्ये सांगा.

कोणी म्हणेल, जुनं सगळं आठवलं की क्लायंट खूश होतो. होतो ना. पण वर्षभराने त्याच्या नवऱ्याच्या कर्जाचा आकडा तुम्ही बोलून दाखवलात, तर तो पहिल्यांदा विचारेल, हे लिहून कुठे ठेवलंय?